भरकटलेला निबंध आणि वाक्यांची फेरमांडणी

शाळेतल्या निबंधात एकेक वाक्य शुद्ध आणि अर्थपूर्ण असूनही संपूर्ण निबंध वाचताना गोंधळ होतो, असे पुष्कळदा घडते. विषयाची माहिती विद्यार्थ्याकडे असते, शुद्धलेखनही बरे असते. बिघाड असतो तो क्रमात. विद्यार्थी ज्या क्रमाने आठवेल त्या क्रमाने लिहितो. आठवणींची साखळी लिहिणाऱ्याच्या मनात असते, वाचणाऱ्याला ती दिसत नाही. मावशीची आठवण झाली की मुंबई आठवते, मुंबईवरून मॉल आठवतो, आणि गावच्या बाजारावरचा निबंध तीन वाक्यांत मॉलपर्यंत पोहोचतो. अशा निबंधाची दुरुस्ती करताना नवे लिहिण्यापूर्वी आहे तीच वाक्ये हलवून पाहिली, तर बराचसा गोंधळ तेवढ्यानेच निवळतो.

हलवाहलवीमागचे तत्त्व जुने आहे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठातले प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनविषयक पुस्तकात परिच्छेदाचे नियम सांगितले. परिच्छेदात एकवाक्यता असावी, म्हणजे त्यातली सगळी वाक्ये एकाच विषयाशी बांधलेली असावीत, हा त्यांतला एक. पुढे अनेक पाठ्यपुस्तकांतून हा नियम शिकवला गेला. नियम एका ओळीत सांगता येतो, पण तो पाळायचा कसा हे प्रत्यक्ष निबंधावर काम केल्याशिवाय कळत नाही.

नमुन्यादाखल ‘आमच्या गावचा आठवडे बाजार’ या विषयावरचा पुढील निबंध रचला आहे. नववीतल्या मुलांच्या निबंधांत जे दोष नेहमी दिसतात तेच त्यात आहेत. संदर्भासाठी वाक्यांना क्रमांक दिले आहेत.

(१) आमच्या गावात दर गुरुवारी आठवडे बाजार भरतो. (२) मला बाजारातली भेळ फार आवडते. (३) आजूबाजूच्या सात-आठ वाड्यांतले लोक बाजाराला येतात. (४) पावसाळ्यात बाजाराच्या जागेत चिखल होतो. (५) शेतकरी भाजी, कडधान्ये आणि अंडी विकायला आणतात. (६) त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना चालता येत नाही. (७) बाजार सकाळी नऊला सुरू होतो. (८) गेल्या वर्षी माझी मावशी मुंबईहून आली होती, तेव्हा तिने इथून मातीचा माठ नेला. (९) मुंबईत मोठमोठे मॉल असतात. (१०) तिथे कचरापेटी नाही, म्हणून सडकी भाजी तशीच पडून राहते. (११) कुंभार माठ आणि बुरूड टोपल्या-सुपे घेऊन येतात. (१२) दुपारी चारनंतर भाजीचे भाव उतरतात. (१३) ते पायी, एसटीने किंवा टेम्पोने येतात. (१४) ग्रामपंचायतीने फरसबंदी केली तर ही अडचण दूर होईल. (१५) अंधार पडायच्या आत सगळे आवरून निघतात. (१६) बाजारात नातेवाइकांच्या भेटी होतात आणि दिवसभर खूप गर्दी असते.

या सोळा वाक्यांत व्याकरणाची चूक नाही. तरीही शेतकऱ्यांनी अंडी आणल्यामुळे म्हाताऱ्यांना चालता येत नाही, मॉलमध्ये कचरापेटी नाही आणि भाजीचे भाव एसटीने येतात, असे अर्थ त्यातून निघतात. ‘त्यामुळे’, ‘तिथे’, ‘ते’ हे शब्द आपल्या आधीच्या वाक्याकडे बोट दाखवतात. विद्यार्थ्याच्या मनात ते बोट योग्य जागी रोखलेले होते. कागदावर मात्र मध्ये दुसरेच वाक्य येऊन बसले. निबंध भरकटल्याची ही सर्वांत खात्रीची खूण आहे. संशय आला की अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारावी आणि तो लगतच्या मागच्या वाक्यातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीविषयी बोलतो ते तपासावे. उत्तर सापडत नसेल किंवा हास्यास्पद येत असेल, तर ते वाक्य आपल्या जागेवर नाही.

फेरमांडणीची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक वाक्यासमोर समासात त्याचा विषय एक-दोन शब्दांत लिहिणे. हे वाक्य काय सांगते, यापेक्षा ते कशाविषयी सांगते, हा प्रश्न विचारायचा असतो. तिसरे वाक्य ‘सात-आठ वाड्यांतले लोक येतात’ असे सांगते. त्याचा विषय ‘येणारे लोक’. चौथ्याचा विषय ‘जागेची अडचण’, पाचव्याचा ‘विकायला येणारा माल’, सातव्याचा ‘बाजाराची वेळ’. समासात फक्त ‘बाजार’ असा शब्द लिहून भागत नाही, कारण तो सगळ्याच वाक्यांना लागू पडेल आणि वर्गवारी होणारच नाही. उलट ‘माठ’, ‘भेळ’, ‘अंडी’ असे फार बारीक शब्द लिहिले तर प्रत्येक वाक्याचा वेगळा गट होईल. तीन-चार वाक्यांना एकत्र सामावून घेईल एवढ्या रुंदीचा शब्द शोधणे, हे या पायरीतले खरे काम आहे.

एखादे वाक्य दोन गटांत बसण्यासारखे असते. ‘दुपारी चारनंतर भाजीचे भाव उतरतात’ हे वाक्य मालाविषयी आहे की वेळेविषयी? अशा वेळी वाक्याची सुरुवात पाहावी. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते आणि बाकीचे शब्द बरेच मोकळेपणाने हलतात. म्हणून ज्याविषयी बोलायचे ते सहसा आरंभी ठेवले जाते. ‘दुपारी चारनंतर’ आधी आले आहे, तेव्हा हे वाक्य दिवसाच्या क्रमातले आहे. तेच ‘भाजीचे भाव दुपारी चारनंतर उतरतात’ असे असते, तर ते मालाच्या गटात जास्त शोभले असते. प्राग येथील भाषाशास्त्रज्ञ व्हिलेम मॅथेसियस आणि त्यांच्या वर्तुळातल्या अभ्यासकांनी वाक्याचे असे दोन भाग मानले होते: ज्याविषयी बोलायचे तो भाग आणि त्याविषयी जे नवे सांगायचे तो भाग. मराठी वाक्यांची वर्गवारी करताना ही विभागणी कामाला येते.

सोळाव्या वाक्याची अडचण वेगळी आहे. त्यात ‘आणि’ने जोडलेली दोन विधाने आहेत. नातेवाइकांच्या भेटी हा विषय येणाऱ्या लोकांचा, आणि दिवसभराची गर्दी हा विषय दिवसाच्या क्रमाचा. असे वाक्य कोणत्याही एका गटात टाकले तरी अर्धे उपरेच राहते. ते ‘आणि’पाशी तोडून दोन स्वतंत्र वाक्ये करावीत आणि मग ज्याची त्याला जागा द्यावी. विद्यार्थ्यांच्या लेखनात ‘आणि’, ‘व’, ‘तसेच’ यांनी जोडलेली लांब वाक्ये पुष्कळ असतात. त्यामुळे वर्गवारी अडली की आधी हे सांधे तपासणे सोयीचे.

ही पायरी पुरी झाल्यावर चार गट दिसू लागतात. येणाऱ्या लोकांविषयी १, ३, १३ आणि १६चा पहिला भाग. मालाविषयी ५, ११, ८ आणि २. दिवसाच्या क्रमाविषयी ७, १६चा दुसरा भाग, १२ आणि १५. जागेच्या अडचणींविषयी ४, ६, १० आणि १४. नववे वाक्य, म्हणजे मुंबईतले मॉल, कोणत्याच गटात बसत नाही. ते मावशीच्या आठवणीवरून आले आणि तिथेच थांबले. अशा वाक्याबाबत दोनच मार्ग असतात. विद्यार्थ्याला गावचा बाजार आणि मॉल यांची तुलना करायची असेल, तर त्याने त्यासाठी आणखी तीन-चार वाक्ये लिहून स्वतंत्र परिच्छेद करावा. तसे काही सांगायचे नसेल तर वाक्य गाळावे. ते कुठेतरी चिकटवून ठेवणे हा उपाय नाही. मावशीचे आठवे वाक्य मात्र आठवणीतूनच आलेले असूनही टिकते, कारण ते मालाच्या गटाला उदाहरण पुरवते.

दुसरी पायरी गटाच्या आतला क्रम ठरवण्याची. क्रम लावण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि प्रत्येक गटातला मजकूर आपली पद्धत स्वतःच सुचवतो. दिवसाच्या गटात घड्याळाचा क्रम उघड आहे: सकाळी नऊ, मग दिवसभर, मग दुपारी चार, शेवटी अंधार. अडचणींच्या गटात कारण आधी आणि परिणाम नंतर येतो, त्यानंतर उपाय. मालाच्या गटात आधी सर्वसाधारण यादी आणि मग एखादे उदाहरण.

आतला क्रम लावताना एक सूत्र फार उपयोगी पडते. आधीच्या वाक्याच्या शेवटी जी गोष्ट नव्याने आली, तिच्यापासून पुढचे वाक्य सुरू व्हावे. अकरावे वाक्य ‘कुंभार माठ आणि बुरूड टोपल्या-सुपे घेऊन येतात’ असे आहे. त्यापुढे मावशीचे वाक्य ठेवले तर मध्ये टोपल्या आणि सुपे येतात आणि माठ मागे पडतो. वाक्यातलाच क्रम बदलून ‘बुरूड टोपल्या-सुपे आणि कुंभार मातीचे माठ घेऊन येतात’ असे केले की शेवटी माठ येतो आणि मावशीचा माठ त्याला सहज जोडला जातो. फेरमांडणी वाक्यांची असते तशीच ती वाक्याच्या आतल्या शब्दांचीही असते. मराठीत शब्दांना जागा बदलण्याची जी मोकळीक आहे, ती अशा वेळी वापरावी.

अडचणींच्या गटात चौदाव्या वाक्यातले ‘ही अडचण’ हे शब्द जागा ठरवतात. फरसबंदीने चिखलाचा प्रश्न सुटेल, कचऱ्याचा नाही. म्हणून कचऱ्याचे वाक्य चिखलाच्या आणि फरसबंदीच्या मध्ये येऊन चालत नाही. ते आधी किंवा अगदी शेवटी यायला हवे. आधी घेतले तर परिच्छेद उपायावर संपतो आणि पुरा झाल्यासारखा वाटतो.

तिसरी पायरी सांधे नीट करण्याची. वाक्य एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवले की त्याला चिकटलेले ‘तो’, ‘तिथे’, ‘त्यामुळे’, ‘पण’, ‘ही’ हे शब्दही नव्या जागी जातात. कधी ते आपोआप बरोबर होतात. सहाव्या वाक्यातले ‘त्यामुळे’ चिखलाच्या वाक्यामागे गेल्यावर एक अक्षर न बदलता अचूक बसते. तेराव्यातले ‘ते’ लोकांच्या वाक्यामागे गेल्यावर नीट अर्थ देते. कधी मात्र शब्द बदलावे किंवा घालावे लागतात. दहाव्या वाक्यातल्या ‘तिथे’ऐवजी ‘बाजाराच्या जागेत’ असे स्पष्ट लिहावे लागते, कारण परिच्छेदाच्या आरंभी त्या ‘तिथे’ला मागे पाहायला काहीच उरत नाही. भेळेचे वाक्य मालाच्या शेवटी ठेवताना नुसते ‘मला बाजारातली भेळ फार आवडते’ असे राहिले तर ते तुटक वाटते. ‘मला मात्र बाजारातली भेळच जास्त आवडते’ असे केले की आधीच्या माठ-टोपल्यांशी त्याचे नाते जुळते. ‘मात्र’, ‘च’, ‘ही’, ‘तर’ ही अव्यये छोटी असली तरी मराठीत वाक्ये जोडण्याचे मोठे काम तीच करतात.

प्रत्येक गटाला विषयवाक्य आहे का, हेही याच पायरीवर पाहावे. विषयवाक्य म्हणजे परिच्छेद कशाविषयी आहे ते सांगणारे वाक्य. लोकांच्या गटात पहिले आणि तिसरे वाक्य मिळून ते काम करतात. दिवसाच्या गटात ‘बाजार सकाळी नऊला सुरू होतो’ एवढ्याने वाचकाला दिशा मिळते. मालाच्या आणि अडचणींच्या गटात मात्र असे वाक्य नाही, कारण विद्यार्थ्याने तो विषय एकत्रितपणे कधी पाहिलाच नव्हता. ही दोन वाक्ये नवी लिहावी लागतात. संपूर्ण कामात नव्याने लिहायची वाक्ये एवढीच.

शेवटी परिच्छेदांचा आपसातला क्रम लावायचा असतो. बाजार कुठला आणि तिथे कोण येते हे कळल्याशिवाय बाकीचे समजत नाही, म्हणून तो परिच्छेद पहिला. अडचणींचा शेवटचा, कारण बाजार डोळ्यांसमोर उभा राहिल्यावरच त्याच्या उणिवा सांगण्यात अर्थ आहे. माल आणि दिवसाचा क्रम यांपैकी कोणते आधी घ्यावे याला सक्ती नाही. पण भाजीचे भाव उतरण्याची गोष्ट दिवसाच्या परिच्छेदात येते, आणि भाजी बाजारात येते हे वाचकाला आधी कळलेले बरे. म्हणून माल दुसरा, दिवस तिसरा. फेरमांडणीनंतरचा निबंध असा होतो.

आमच्या गावात दर गुरुवारी आठवडे बाजार भरतो. आजूबाजूच्या सात-आठ वाड्यांतले लोक या बाजाराला येतात. ते पायी, एसटीने किंवा टेम्पोने येतात. त्यामुळे बाजारात नातेवाइकांच्याही भेटी होतात.

बाजारात घरात लागणाऱ्या नाना तऱ्हेच्या वस्तू मिळतात. शेतकरी भाजी, कडधान्ये आणि अंडी विकायला आणतात. बुरूड टोपल्या-सुपे आणि कुंभार मातीचे माठ घेऊन येतात. गेल्या वर्षी माझी मावशी मुंबईहून आली होती, तेव्हा तिनेही इथून माठ नेला. मला मात्र बाजारातली भेळच जास्त आवडते.

बाजार सकाळी नऊला सुरू होतो. दिवसभर खूप गर्दी असते. दुपारी चारनंतर भाजीचे भाव उतरतात. अंधार पडायच्या आत सगळे आवरून निघतात.

बाजाराच्या जागेच्या दोन अडचणी आहेत. या जागेत कचरापेटी नाही, म्हणून सडकी भाजी तशीच पडून राहते. दुसरे म्हणजे पावसाळ्यात तिथे चिखल होतो. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना चालता येत नाही. ग्रामपंचायतीने फरसबंदी केली तर ही अडचण दूर होईल.

दुरुस्त निबंधाची तपासणी दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य सलग वाचावे: बाजार भरतो, वस्तू मिळतात, सकाळी नऊला सुरू होतो, दोन अडचणी आहेत. एवढ्यावरून निबंधाचा सांगाडा कळला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात एका परिच्छेदातले एखादे वाक्य उचलून दुसऱ्या परिच्छेदात ठेवून पाहावे. ते तिथेही तितकेच चांगले बसत असेल, तर दोन परिच्छेदांचे विषय पुरेसे वेगळे झालेले नाहीत, किंवा ते वाक्य इतके मोघम आहे की ते कुठेही चालेल. भेळेचे वाक्य या कसोटीला जेमतेम उतरते. भेळ ही घरात लागणारी वस्तू नव्हे. विषयवाक्यातले ‘घरात लागणाऱ्या’ हे शब्द काढून टाकले तर परिच्छेदाची कक्षा तेवढीच रुंदावते आणि भेळही त्यात मावते. विषयवाक्य आणि परिच्छेद यांचे असे दोन्ही बाजूंनी जुळवून घेणे चालू राहते.

वर्गात हे काम करून घेताना शिक्षकाने स्वतः वाक्ये हलवून दिली तर मुलाला तयार निबंध मिळतो, पद्धत कळत नाही. निबंधाची प्रत काढून एकेक वाक्य वेगळ्या पट्टीवर कापून दिले, तर मूल पट्ट्या बाकावर सरकवून क्रम लावू शकते. त्यात खाडाखोड नसल्यामुळे दोन-तीन मांडण्या करून पाहता येतात. सोळा-वीस वाक्यांपर्यंत ही रीत चांगली चालते. त्याहून मोठ्या निबंधासाठी समासातले विषयशब्द आणि क्रमांक पुरेसे. शिक्षकाने ‘विस्कळीत’ असा शेरा मारण्याऐवजी ज्या ‘त्यामुळे’ला किंवा ‘तिथे’ला मागे आधार नाही त्याच्याभोवती गोल केला, तर बिघाड नेमका कुठे आहे ते मुलाला दिसते.

विषयवाक्य नेहमी पहिलेच असले पाहिजे, असा समज मात्र करून घेऊ नये. अमेरिकेतील अभ्यासक रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यावसायिक लेखकांचे छापील निबंध तपासले, तेव्हा विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद थोडेच आढळले. मुरलेला लेखक विषय न सांगताही सूचित करू शकतो, किंवा तो शेवटी आणू शकतो. शिकणाऱ्याने ते आरंभी ठेवावे ते स्वतःच्या सोयीसाठी: समोर लिहिलेला विषय असला की पुढचे वाक्य त्याच्याशी ताडून पाहता येते.

ही पद्धत माहिती देणाऱ्या, वर्णन करणाऱ्या आणि मुद्दे मांडणाऱ्या निबंधांसाठी आहे. ललित निबंधात एका आठवणीतून दुसरीकडे जाणे हाच लेखनाचा मार्ग असतो; तिथे वाक्ये विषयवार लावली तर निबंधातला जीव जाईल. गोष्ट सांगणाऱ्या निबंधात घटनांचा क्रम पक्का असतो आणि परिच्छेद बहुधा स्थळ किंवा वेळ बदलल्यावर पडतो.

फेरमांडणीने मजकूर वाढत नाही, हीही तिची मर्यादा. वरच्या निबंधातला तिसरा परिच्छेद चार तुटक वाक्यांचा आहे: गर्दी कोणत्या वेळी जास्त असते, चारनंतर भाव का उतरतात, हे त्यात नाही. उरलेली भाजी परत न्यायला परवडत नाही म्हणून विक्रेते भाव पाडतात, एवढे एक वाक्य घातले तरी परिच्छेद भरीव होईल. चौथ्या परिच्छेदात चिखलावर उपाय आहे, कचऱ्यावर नाही. पहिल्या निबंधात या उणिवा गोंधळाखाली झाकलेल्या होत्या. वाक्ये आपापल्या जागी गेल्यावर त्या उघड्या पडतात, आणि काय लिहायचे राहिले ते विद्यार्थ्याला त्यावरून ठरवता येते.